पॅनला साखर करपून चिकटली तर खरवडू नका

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात एका गटाच्या ताई शेंगदाण्याची चिक्की करत होत्या. अर्धा किलो साखरेचा पाक नॉनस्टिक पॅनमध्ये ठेवला आणि तेवढ्यात दारात कोणीतरी आलं. परत येऊन बघतात तर पाक काळा पडलेला, धूर निघतोय. थंड झाल्यावर साखर काचेसारखी कडक बसली. ताईंनी स्टीलचं उलथनं हातात घेतलंच होतं, मी म्हटलं, “ताई, थांबा. साखर निघेल, पण थरही निघेल.”

साखर जळून घट्ट झाली तरी तिचा बराचसा भाग पाण्यात विरघळतो. म्हणजे इथे जोर नाही, गरम पाणी लागतं.

आधी गॅस बंद करून पॅन पूर्ण गार होऊ द्या. तापलेल्या पॅनवर गार पाणी ओतलं तर पाक अंगावर उडतो आणि पॅनचा बूडही वाकडा होऊ शकतो. गरम पाक कातडीला चिकटून खोल भाजतो, म्हणून घाई करू नका.

गार झाल्यावर साखर बुडून वर बोटभर राहील इतकं पाणी घाला. मंद आचेवर ठेवा आणि बारीक उकळी आली की दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. पाणी तपकिरी होऊ लागलं, म्हणजे साखर सुटतेय. मधून मधून लाकडी उलथन्याने हलकेच ढकला. सरकत नसेल तर जोर करू नका, अजून उकळू द्या. पाणी आटू देऊ नका, नाहीतर पुन्हा पाक होऊन करपेल. मग पाणी गरम असतानाच सांभाळून ओता, कारण गार झालं की ते चिकट होतं. त्या ताईंना असं तीनदा करावं लागलं.

शेवटी काळे डाग राहिले. तो कोळसा झालेला भाग, तो पाण्यात विरघळत नाही. त्यासाठी पॅनमध्ये पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळलं, रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी मऊ स्पंजने पुसलं. कोरडा सोडा टाकून घासू नका. तारेची घासणी, राख, वाळू, काथ्या तर नकोच.

धुतल्यावर बोट फिरवून बघा. गुळगुळीत लागलं आणि नुसता फिकट डाग दिसला, तर पॅन वापरायला हरकत नाही. पण पापुद्रे सुटत असतील किंवा आतला धातू दिसत असेल, तर त्यात स्वयंपाक करू नका. विक्रीच्या मालात थराचे कण जाता कामा नयेत.

त्या ताईंचा पॅन वाचला. पण पाकासाठी आता त्या जाड बुडाची स्टीलची कढई वापरतात. कढईत करपलं तरी घासायची भीती नाही.