खोलीला एक नमस्कार, माणसाला त्याचा

कुरखेड्याच्या एका कचेरीत आम्ही नऊ जण एकाच खोलीत बसायचो. फेब्रुवारी 2020 च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि कचेरीची वेळ पावणेदहा ठरली. तेव्हापासून पावणेदहाच्या आसपास सगळे एकापाठोपाठ आत येऊ लागले. प्रत्येकाने आधी येऊन बसलेल्या प्रत्येकाला वेगळा नमस्कार केला, तर एका सकाळी 36 नमस्कार होतात. खोलीला मिळून एकच केला, तर आठ. 36 वेळा कुणाची तरी मान वर होते, आणि त्यातली निम्मी माणसं मस्टरची बेरीज करत असतात. बेरीज मधेच तुटली की पुन्हा पहिल्या ओळीपासून. म्हणून रोजचा नमस्कार खोलीला, असं माझं मत आहे. पण तेवढ्याने भागत नाही. का भागत नाही, ते पुढे येईल.

हे करावे

दोन पावलं आत येऊन थांबावे, मग बोलावे. चालता चालता, पिशवी खुंटीला अडकवताना पुटपुटलेला नमस्कार पंख्याच्या घरघरीत विरतो. तो खोलीला होता की कपाटाला, हे कुणालाच कळत नाही. थांबून, खोलीकडे तोंड करून, एकदाच म्हणावे. दोघातिघांनी मान हलवली की पोचला. आठही उत्तरांची वाट पाहत उभे राहू नये.

खोलीला सगळ्यांचा शब्द द्यावा. आमच्या भागात हाच मुद्दा सगळ्यात नाजूक आहे. खेड्यातून आलेला म्हातारा ‘रामराम जी’ म्हणतो. गोंड माणूस ‘जय सेवा’ किंवा ‘जोहार’ म्हणतो. बौद्ध सहकारी ‘जय भीम’ म्हणतो. हा शब्द रूढ करण्याचं श्रेय नागपूरजवळच्या कामठीच्या बाबू हरदास यांना दिलं जातं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सेवा मंडळातला माणूस ‘जय गुरुदेव’ म्हणतो. हे नुसते अभिवादनाचे शब्द नाहीत, आपण कोण आहोत हेही ते सांगतात. त्यातला एक शब्द सगळ्या खोलीवर टाकला, की कुणाला आपण उपरे आहोत असं वाटतं, तर कुणाला वाटतं हा आपली बाजू मांडतोय. साधा ‘नमस्कार’ कुणाच्याच मालकीचा नाही, म्हणून खोलीसाठी तो चालतो. ‘नमस्कार मंडळी’ म्हटलं तर थोडी ऊबही येते.

माणसाला मात्र त्याचाच शब्द परत द्यावा. चहाच्या टपरीवर समोरचा ‘जय सेवा’ म्हणाला तर आपणही ‘जय सेवा’ म्हणावे. ‘जय भीम’ला ‘जय भीम’. हे कचेरीच्या खोलीत जमत नाही, कारण तिथे एकाचा शब्द म्हणताना बाकीचे सात ऐकत असतात. एकेकट्याला अभिवादन करण्याचा खरा उपयोग इथे आहे. तो उपस्थितीची नोंद करण्यासाठी नाही.

बाकावर बसलेल्याला वेगळे विचारावे. दाराशी बाकावर दाखल्यासाठी आलेला माणूस बसलेला असतो. खोलीचा नमस्कार आपल्यालाही होता, असं त्याला वाटत नाही. तो तर साहेबलोकांचा आपसातला. त्याच्याकडे वळून ‘कधी आले जी, बसा’ एवढं म्हटलं तरी पुरे. कामाची चौकशी जागेवर बसल्यावर करावी.

रजेवरून परतलेल्याकडे टेबलापर्यंत जावे. तिसऱ्या दिवशी आला, आजारपणातून आला, बदली होऊन नवीन आला, की त्याला खोलीच्या नमस्कारात गुंडाळू नये. नव्या माणसाला नाव सांगून भेटावे. त्याला पहिला आठवडाभर आठ चेहरे सारखेच दिसत असतात.

हे टाळावे

अर्धी फेरी मारू नये. एकेकट्याला अभिवादन करण्यातला मोठा धोका हाच. पाच टेबलं झाली, सहाव्यापाशी फोन वाजला, आणि उरलेली तीन राहिली. ती तीन माणसं विसरत नाहीत. माझ्याकडून हे एकदा झालं, आणि राहिलेल्या तिघांत एक शिपाई होता. आठवडाभर माझ्या टेबलावर चहा शेवटी आला. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘काही नाही जी.’ तेव्हा कळलं की काही तरी आहे. फेरी सुरू केली तर पूर्ण करावी. वेळ नसेल तर दारातूनच खोलीला म्हणावे.

हुद्द्याच्या क्रमाने फिरू नये. आधी साहेबांची केबिन, मग मोठे बाबू, मग लहान बाबू, शिपाई नाहीच, असा क्रम सगळ्यांच्या लक्षात येतो. फिरायचंच असेल तर दारापासून जवळचं टेबल आधी.

आडनावावरून शब्द ओळखू नये. आडनाव ऐकून ‘जय भीम’ किंवा ‘जोहार’ आपणच आधी म्हणणे, हे जात विचारण्याचंच सभ्य रूप आहे. त्याने तो शब्द वापरेपर्यंत ‘नमस्कार’वर राहावे. चुकून दुसराच शब्द गेला, तर माफीचं भाषण करू नये. पुढच्या वेळी नीट म्हणावे.

सुतक असलेल्याला नमस्कार करू नये. आपल्याकडे बहुतेक घरांत सुतकात नमस्कार करत नाहीत. अशा माणसासमोर खुर्ची ओढून दोन मिनिटं बसावे, ‘कसे आहात’ म्हणावे आणि उठावे. सगळ्यांसमोर ‘काय झालं, कसं झालं’ विचारू नये.

झोपलेल्या खोलीला जागवू नये. दिवाळीनंतर होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, आणि गावात मंडई असेल तर निम्मी कचेरी सकाळी डोळे चोळत येते. त्या दिवशी मोठ्याने आणि उत्साहाने केलेला नमस्कार हा छळ आहे. मान हलवून बसावे.

फोनवर बोलणाऱ्याच्या खांद्यावर थाप मारू नये. फोनचं निघालंच आहे, तर फोनवरच्या अभिवादनाचंही सांगतो. 2022 च्या गांधी जयंतीला सरकारने फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याची मोहीम सुरू केली. तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याचे, त्यामुळे चर्चा इकडे अंमळ जास्तच झाली. आमच्या खोलीत काहींनी केलं, काहींनी नाही. एक गोष्ट मात्र दिसली. वरून आलेला शब्द फोनवर म्हणता येतो, पण दारातून आत येताना माणूस आपल्या घरचाच शब्द शोधतो.

अपवाद

संक्रांतीला तिळगूळ आणि दसऱ्याला आपट्याचं सोनं मात्र खोलीला देता येत नाही. या दोन दिवसांत टेबलोटेबली जावेच, आणि आठवं टेबलही चुकवू नये. तिळगुळाचा डबा मधल्या टेबलावर ठेवून ‘घ्या सगळ्यांनी’ म्हणणारे असतात, एका वर्षी मीही तसंच केलं. सगळ्यांनी घेतलाही. पण संध्याकाळी शिपायाने डबा विसळून परत दिला, तेव्हा तो म्हणाला, ‘मला तुम्ही दिला नाही जी, मी डब्यातून घेतला.’ पुढच्या वर्षी डबा घेऊन मी आधी त्याच्याकडे गेलो. त्याने दोन लाडू उचलले, एक स्वतःसाठी आणि एक बाकावर बसलेल्या म्हातारीसाठी.