रात्रीचा खोकला आणि उशी

दिवसभर वर्गात बरं असलेलं मूल रात्री आडवं झालं की खोकायला लागतं. कारण साधं आहे. आडवं झाल्यावर नाकातला शेंबूड पुढे न येता मागे घशात उतरतो. म्हणून डोकं उंच करायचं. पण मानेखाली दोन उश्या कोंबल्या तर हनुवटी छातीला टेकते आणि श्वास आणखी अवघडतो. त्यापेक्षा घडी केलेली गोधडी गादीखाली अशी सारा, की खांद्यांपासूनच चढ येईल. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र सपाट गादीवर, उशीशिवाय, उताणंच निजवा.

वाफेने नाक घटकाभर मोकळं होतं, सर्दी हटत नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं, वर चादर आणि आत चुळबुळणारं मूल! भाजण्याचा धोका खोकल्याहून मोठा. वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध द्या, तो बरा.

नाक मोकळं करणारे औषधी थेंब चार-पाच दिवसांहून जास्त घातले, तर तेच नाक बंद करू लागतात. सर्दी गेली, तरी थेंबांचा असर उतरताच नाक गच्च होत असेल, तर हेच घडतंय समजा. धाप लागली किंवा बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.