सीएचं एक्झेम्प्शन: साठ गुणांची पुंजी किती दिवस पुरते?

सीए इंटरमिजिएटला ग्रुप गेला, तरी एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त गुण असतील तर तो पेपर पुन्हा द्यावा लागत नाही. याला एक्झेम्प्शन म्हणतात. अट एकच, त्या ग्रुपचे तिन्ही पेपर दिलेले हवेत. अवघड पेपराला घरी बसलात तर दुसऱ्यातल्या साठाचा उपयोग नाही.

माझ्या भाचीने मे २०२५ मध्ये पहिला ग्रुप दिला. अकाउंट्स ६२, लॉ ३६, टॅक्स ४५. ग्रुप सुटायला प्रत्येक पेपरात ४० आणि ३०० पैकी १५० लागतात. लॉमध्ये ती अडकली, पण अकाउंट्सचं एक्झेम्प्शन मिळालं.

ते पुढच्या लागोपाठच्या तीन परीक्षांपुरतं असतं. तिच्यासाठी सप्टेंबर २०२५, जानेवारी २०२६ आणि मे २०२६. पूर्वी वर्षाला दोनच परीक्षा होत्या, तेव्हा तीन अटेम्प्ट दीड वर्ष पुरायचे. आता वर्षातच संपतात. शिवाय परीक्षेला बसला नाहीत तरी तो अटेम्प्ट मोजला जातो. भाचीचा जानेवारीचा अटेम्प्ट काविळीत गेला, तो असाच खर्ची पडला.

खरी फसगत बेरजेत होते. सप्टेंबरला तिला लॉमध्ये ४१ आणि टॅक्समध्ये ४४ मिळाले. दोन्हीत चाळिशी पार, म्हणून घरात पेढे आणायची भाषा सुरू झाली. पण अकाउंट्सचे ६२ धरून बेरीज १४७ झाली, म्हणजे तीन गुण कमी. एक्झेम्प्शनचे गुण एकूण बेरजेत धरले जातात, म्हणून उरलेल्या दोन पेपरांत मिळून तिला ८८ हवे होते. अभ्यासाला बसताना हाच आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. आणि समजा, तिला टॅक्समध्ये ६३ पडून लॉ पुन्हा गेला असता, तरी टॅक्सचं एक्झेम्प्शन मिळालं नसतं. त्या ग्रुपमधलं आधीचं संपेपर्यंत नवं देत नाहीत.

तीन अटेम्प्ट संपले तर नव्या अभ्यासक्रमात ते एक्झेम्प्शन कायमचं करून घेता येतं. पण मग उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० नाही, ५० लागतात. लॉ चाळिशीतच घुटमळत असेल, तर अकाउंट्स पुन्हा देऊन साठच्या पुढे जाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

खर्चात मात्र सूट नाही. फी ग्रुपवर असते, पेपरावर नाही. एक पेपर उरला तरी इंटरच्या एका ग्रुपचे १५०० रुपये भरायचेच. फॉर्म उशिरा भरला तर वर ६०० रुपये.

५८-५९ वर अडकलात तर १०० रुपयांत त्या पेपराची गुणपडताळणी होते आणि ५०० रुपयांत उत्तरपत्रिकेची प्रत मिळते. पडताळणीत बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच पाहतात; उत्तर नव्याने तपासत नाहीत. अर्ज निकालापासून महिन्याभरात करावा लागतो.