डीईएफऐवजी खताचा युरिया चालेल का?

प्रश्न : आमच्या बीएस-६ ट्रकच्या डीईएफ टाकीत खताचा युरिया पाण्यात विरघळवून भरला तर काय बिघडेल?

उत्तर : असे करू नका. डीईएफमध्ये ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया असतो, बाकी क्षारमुक्त पाणी. हे द्रावण इंजिनात जात नाही. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरात त्याचा फवारा बसतो. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर तो नायट्रोजन ऑक्साइडशी संयोग पावतो. बाहेर पडतात नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. म्हणजे सारे काम त्या पृष्ठभागावर होते, आणि तोच खताच्या युरियातील अशुद्धी, कडुनिंबाच्या तेलाचा लेप व साध्या पाण्यातील क्षार यांनी हळूहळू निकामी होतो.

‘पण असे पाणी भरूनही गाडी पळते,’ असे कुणी म्हणेल. पळणारच, कारण इंजिनाला डीईएफ लागतच नाही. नुकसान मागे, धुराच्या वाटेवर साचत असते. अर्थात शुद्ध डीईएफलाही मर्यादा आहे. धूर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर फवारा थांबवावा लागतो, नाहीतर नोझलभोवती पांढरे खडे धरतात. असे खडे दिसले किंवा डॅशबोर्डवरचा इशारा दिवा लागला, तर आधी द्रावणाची शुद्धता तपासून घ्या.