वर्गातला गोंगाट असह्य होणारं मूल : शिक्षकांनी काय करावे, काय टाळावे

काही मुलांना आवाज, उजेड, वास किंवा स्पर्श इतरांपेक्षा फार तीव्रतेने जाणवतात. भरलेल्या वर्गात हे सगळं साचत जातं आणि एका क्षणी मूल किंचाळतं, बाक ढकलतं, पळत सुटतं. हा हट्ट नव्हे. हट्ट करणारं मूल समोरच्यावर लक्ष ठेवून असतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. अशा उद्रेकात हवं ते हातात दिलं तरी मूल थांबू शकत नाही. स्वमग्न मुलांमध्ये हे बरेचदा दिसतं, पण असं प्रत्येक मूल स्वमग्न असतंच असं नाही. निदान करणं शिक्षकाचं काम नाही. उद्रेक कशामुळे होतो हे शोधणं मात्र शिक्षकालाच सर्वांत चांगलं जमतं.

काय करावे

दोन आठवडे नोंद ठेवा. वहीत वेळ लिहा आणि तीन रकाने आखा : आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. समजा, दुसरीतला एक मुलगा गणिताच्या तासाला बिथरतो. बाईंना वाटतं, त्याला गणित नको आहे. नोंदी पाहिल्यावर कळतं की गणित सकाळी असलं तर तो शांत असतो. उद्रेक होतात ते मधल्या सुट्टीनंतर. खिचडीच्या रांगेतली ढकलाढकली आणि ताटांचा खणखणाट त्याने कसाबसा सोसलेला असतो आणि तो वर्गात येऊन फुटतो. मग बाई त्याला रांग लागण्याआधी पाच मिनिटं ताट देतात, एका मित्रासोबत व्हरांड्याच्या टोकाला बसवतात आणि सुट्टी संपताच कार्यालयातून वह्यांचा गठ्ठा आणायला पाठवतात. वजन उचलण्या-ढकलण्याच्या कामाने अनेक मुलं स्थिरावतात. उद्रेक कमी होतात, पण पत्र्यावर पाऊस कोसळतो त्या दिवशी पुन्हा होऊ शकतात. अशा दिवसाची तयारी वेगळी ठेवावी लागते.

जागा विचारपूर्वक द्या. भिंतीलगतची, बाकाच्या कडेची जागा बरी. तिथे मागून अचानक धक्का लागत नाही. गर्दीतून वाट न काढता बाहेर पडता येईल हेही पाहा.

आधीच्या खुणा ओळखा. कान झाकणं, कॉलर चावणं, तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलणं किंवा एकदम गप्प होणं. याच वेळी मुलाला बाहेर पडू द्या. त्यासाठी एक रंगीत कार्ड ठरवा. ते दाखवलं की ठरलेल्या शांत कोपऱ्यात जायचं. याचा सराव मूल शांत असतानाच करून घ्या.

उद्रेक सुरू झाला की आवाज, माणसं आणि शब्द कमी करा. बाकीच्या मुलांना सहकारी शिक्षकासोबत बाहेर न्या. कंपास, बाटल्या दूर सारा. थोडं अंतर ठेवून बसा, ‘मी इथेच आहे’ एवढंच म्हणा आणि थांबा.

नंतर सावरू द्या. मूल थकलेलं असतं. पाणी द्या, निवांत बसू द्या. राहिलेला अभ्यास नंतर होईल.

काय टाळावे

हात धरून ओढू नका. स्पर्शाने उद्रेक वाढू शकतो. मूल रस्त्याकडे किंवा जिन्याकडे धावत असेल, तरच धरा.

प्रश्नांची सरबत्ती नको. ‘काय झालं? माझ्याकडे बघ’ हाही त्या क्षणी गोंगाटच असतो.

शिक्षा करू नका. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. शांत कोपऱ्याचीही शिक्षेची जागा करू नका, नाहीतर गरज असतानाही मूल तिथे जाणार नाही.

‘सवय होईल’ म्हणून गोंगाटात बसवू नका. त्याने भीतीच वाढते. उलट, कानांवरचं संरक्षक दिवसभर लावून ठेवणंही बरं नाही. घंटा, स्नेहसंमेलन, बँड अशा वेळेपुरतंच ते वापरा.

अचानक झालेला बदल अंगावर काढू नका. एरवी शांत असणारं मूल एकाएकी बिथरू लागलं, तर कान किंवा दात दुखत असू शकतो. नजर स्थिर होऊन हाकेला प्रतिसाद येईनासा झाला किंवा अंग ताठ होऊन झटके आले, तर ती फिट असू शकते. पालकांना लगेच कळवा आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा.

दोन आठवड्यांच्या नोंदी पालकांसमोर ठेवा आणि गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना दाखवा. ‘मूल त्रास देतं’ या तक्रारीवर कोणी काही करू शकत नाही, ‘मधल्या सुट्टीनंतर बिथरतं’ या नोंदीवर करता येतं. म्हणून ती वही उद्याच सुरू करा.