भाडं पंधरा हजार, पण कोणत्या हिशेबानं?

राजारामपुरीतल्या ज्या दोन खोल्या-हॉल-किचनमध्ये आम्ही राहतो, त्याचं भाडं महिना 10,500 रुपये होतं. 2026 च्या जानेवारीत घरमालक काकांचा निरोप आला, की पुढच्या महिन्यापासून 15,000 द्यायचे. फोन केला तर म्हणाले, "हायकोर्टाचं बेंच आलंय आता कोल्हापुरात. भाडी वाढणारच की. परवडत नसंल तर बघा बाबा दुसरीकडं." एकदम जवळजवळ 43 टक्के वाढ. मी त्यांना लेखी उत्तर दिलं आणि प्रकरण मिटलं. सर्किट बेंच सुरू झाल्यापासून असे निरोप शहरात अनेकांना येत आहेत, म्हणून ते पत्र कसं तयार झालं ते सविस्तर सांगतो.

पत्राला हात घालण्याआधी कपाटातला करार काढा. ओळखीतले सगळे मला एकच सांगत होते: "कायद्यानं वर्षाला चारच टक्के वाढवता येतं, तसं ठणकावून लिही." महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 11 मध्ये वर्षाला चार टक्के वाढीची तरतूद आहे, हे खरं. पण ती भाडेकरूसाठी आहे. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जुन्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी जी कुटुंबं आहेत, त्यांच्यासाठी. त्यांचं प्रमाण भाडं साधारणपणे 1 ऑक्टोबर 1987 च्या भाड्यावरून धरतात आणि त्यावर ही वाढ चढते. आपल्यासारख्यांच्या हातात असतो तो 'लिव्ह अँड लायसन्स' करार. त्याला बोलताना आपण भाडेकरार म्हणतो, पण कायद्याच्या नजरेत आपण भाडेकरू नसतो, ठरलेल्या मुदतीसाठी राहायची परवानगी मिळालेले असतो. तिथे चार टक्क्यांचा आधार नाही. करारात लिहिलेली रक्कम हाच आधार.

हा फरक न कळल्यामुळे आमच्या ओळखीतलं एक कुटुंब फार अडचणीत आलं. त्यांचा अकरा महिन्यांचा करार संपला होता. मालकाने मोठी वाढ मागितली. यांनी चार टक्क्यांचं कलम लिहून पाठवलं, भाडं थांबवलं आणि घरातच राहिले. करार संपल्यावरही घर सोडलं नाही, तर त्या कायद्याच्या कलम 24 खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि घर ताब्यात देईपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. त्यांना अखेर घरही सोडावं लागलं आणि डिपॉझिटमधून मोठी रक्कमही गेली. वाईट वाटतं, कारण त्यांची मूळ तक्रार अगदी रास्त होती. फक्त पत्रातलं कलम त्यांच्या कागदाला लागू नव्हतं.

माझा करार नोव्हेंबर 2024 चा, 33 महिन्यांचा, रीतसर नोंदवलेला. पहिल्या वर्षी 10,000, दरवर्षी पाच टक्के वाढ. म्हणजे दुसऱ्या वर्षीचे 10,500 बरोबर होते आणि मुदत संपेपर्यंत 15,000 मागायला करारात जागा नव्हती. इथवर वाचून खूश होऊ नका, पुढचं कलम वाचा. लॉक-इन फक्त सहा महिन्यांचं होतं आणि त्यानंतर दोघांपैकी कुणीही एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवू शकत होता. बहुतेक छापील करारांत हे कलम असतंच. म्हणजे काकांना भाडं वाढवता येत नव्हतं, पण नोटीस देऊन मला बाहेर काढता येत होतं. म्हणून नुसतं "करारात असं लिहिलंय" म्हणून भागणार नव्हतं. मला घरात ठेवण्यातच त्यांचं हित आहे, हे आकड्यांनी पटवावं लागणार होतं.

आता आसपासच्या भाड्यांची तुलना. यात सगळ्यात मोठी गफलत होते ती क्षेत्रफळात. काका आमचा फ्लॅट "आठशे स्क्वेअर फूट" म्हणत. तो आकडा त्यांच्या खरेदीच्या वेळचा, जिन्याचा आणि भिंतींचा वाटा धरून. मी आणि मुलीने एका रविवारी टेप घेऊन भिंतीच्या आतून आतून माप घेतलं. हॉल, दोन बेडरूम, स्वयंपाकघर, बाथरूम, मधला बोळ, बाल्कनी, सगळं वहीत मांडलं. बेरीज आली 620. पाय ठेवायला जेवढी जागा आहे तेवढीच तुलनेत धरायची. दुसऱ्याच्या घराचंही कार्पेटच विचारायचं, नाहीतर एकीकडे कार्पेट आणि दुसरीकडे बिल्टअप असा घोळ होतो आणि मालक पहिल्याच वाचनात तुमचं पत्र बाजूला ठेवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे एजंट सांगतो तो भाव आणि कराराचा भाव यांतला फरक. जाहिरातीतला आकडा हा मागणीचा असतो, तो घासाघिशीनंतर खाली येतो. म्हणून मी फक्त नोंदवलेल्या करारांतले आकडे घेतले. शेजाऱ्यांना सरळ विचारलं, "तुमचा इंडेक्स टू दाखवता का?" नोंदणी झाली की मिळणारा तो कागद. त्यावर भाडं आणि डिपॉझिट दोन्ही दिसतं. नाव-पत्ता पत्रात लिहिणार नाही असा शब्द दिला, तेव्हा लोकांनी मोकळेपणाने दाखवला.

तिसरी गोष्ट तारखेची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आपला जिल्हा त्याच्या कक्षेत आला, वकील मंडळी जागा शोधू लागली, हे काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून मी त्या तारखेनंतर झालेले करारच निवडले. बेंचमुळे जी काही वाढ झाली असेल, ती त्या आकड्यांत आधीच आलेली असणार. जुने, स्वस्त करार पुढे केले असते तर त्यांनी एका वाक्यात उडवून लावले असते.

डिपॉझिट वेगवेगळं असेल तर भाड्यांची सरळ तुलना होत नाही. मुद्रांक शुल्क काढताना सरकार परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतं. मीही तोच हिशेब वापरला. पन्नास हजार डिपॉझिट जास्त असेल तर वर्षाला 5,000, म्हणजे महिन्याला सुमारे 417 रुपये भाड्यात मिळवायचे.

अशी तयारी झाल्यावर पत्र लिहिलं. त्यातला मुख्य भाग असा:

"आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. आपला निरोप मिळाला. आपल्या करारानुसार ऑक्टोबर 2026 पर्यंत भाडं 10,500 आहे आणि ते मी दरमहा 5 तारखेच्या आत बँकेतून भरत आहे, तसंच भरत राहीन. बेंचमुळे भाडी वाढली आहेत हे आपलं म्हणणं लक्षात घेऊन सप्टेंबर 2025 नंतर झालेले चार करार मी पाहिले. आपल्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा 620 चौरस फुटांचा फ्लॅट 10,800 ला गेला आहे, म्हणजे फुटाला 17 रुपये 40 पैसे. मागच्या गल्लीतला 650 फुटांचा, चारचाकीच्या पार्किंगसह, 12,000 ला आहे. तिथे डिपॉझिट पन्नास हजारांनी जास्त आहे, ते धरून फुटाला 19 रुपये 10 पैसे पडतात. प्रतिभानगरात लिफ्ट असलेल्या नव्या इमारतीत 700 फूट 13,500 ला, म्हणजे फुटाला 19 रुपये 30 पैसे. आपण ज्या ताराबाई पार्कच्या फ्लॅटचं उदाहरण दिलंत, त्याचं भाडं 15,500 आहे, पण त्याचं कार्पेट 850 फूट आहे, त्यामुळे तिथेही दर 18 रुपये 25 पैशांच्या आसपासच येतो. आपला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय, दुचाकीच्या पार्किंगचा आहे. 15,000 धरले तर फुटाला 24 रुपयांहून जास्त होतात. एवढा दर यांपैकी कुठेच नाही. मी 11,500 द्यायला तयार आहे. आपण नवा करार करू. बसून बोलावं ही विनंती."

ताराबाई पार्कच्या वाक्याने सगळं फिरलं असं मला वाटतं. मालक जे उदाहरण स्वतः देतो, ते आधी तपासा. त्यांनी ऐकलेला आकडा बहुतेकदा खरा असतो, पण घर वेगळं असतं.

पत्रात मी दोन गोष्टी मुद्दाम लिहिल्या नाहीत. एक म्हणजे कोर्टाची भाषा. नोटिशीचं कलम त्यांच्याही हातात होतं, त्यामुळे त्यांना डिवचण्यात अर्थ नव्हता. दुसरी म्हणजे रिकाम्या घराचा हिशेब, तो समोरासमोर सांगितला. मी गेलो आणि नव्या माणसाने 12,500 दिले, तर मी देऊ केलेल्या भाड्यापेक्षा महिन्याला हजार जास्त, वर्षाचे बारा हजार. एक महिना घर रिकामं राहिलं की तेवढेच जातात. वर रंगकाम आणि एजंट. हे पत्रात असतं तर धमकी वाटली असती. चहा घेताना सांगितल्यावर काकूच म्हणाल्या, "माणूस बरा आहे, भाडं वेळेवर येतंय, कशाला बदलताय?"

पत्राच्या दोन प्रती काढल्या. एक त्यांच्या हातात दिली आणि दुसरीवर तारीख घालून सही घेतली. सही द्यायला कुणी नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. बोलणी चालू असताना जुनं भाडं ठरल्या तारखेलाच खात्यावर भरा, शेऱ्यात महिना लिहून. भाडं थांबवलं की तुमची बाजू लंगडी होते. आणि "सध्या पंधरा द्या, मग बघू" याला हो म्हणू नका, कारण एकदा भरलेला आकडाच पुढे ठरलेला मानला जातो. करार नोंदवलेलाच नसेल, तर हे लक्षात ठेवा: कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत आपलं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. मात्र ते म्हणणं टिकवायलाही बँकेतल्या नोंदी लागतात.

शेवटी 11,800 वर ठरलं. फुटाला 19 रुपये, म्हणजे आसपासच्या भाड्यांत बसणारा दर. नवा करार 24 महिन्यांचा केला. त्यात मी दोन वाक्यं घालून घेतली: दुसऱ्या वर्षी पाच टक्के वाढ, त्याखेरीज मुदतीत कोणत्याही कारणाने वाढ नाही, आणि लॉक-इन दोन्ही बाजूंना बारा महिने. जुन्या करारात त्याचीच उणीव होती. दोन वर्षांचं भाडं आणि 50,000 डिपॉझिटवरचं व्याज मिळून तीन लाखांच्या आसपास रक्कम होते, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे साडेसातशे रुपये, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार. हा खर्च आम्ही निम्मा निम्मा वाटून घेतला.