वरचा ठोका, खालचा ठोका

गेल्या मे महिन्यात आमचे आजोबा, ज्यांना घरी सगळे नाना म्हणतात, ओसरीवर बसल्या बसल्या एकाएकी कलंडले. अर्ध्या मिनिटात ते शुद्धीवर आले आणि "अरे, काही नाही, जरा अंधारी आली," म्हणून उठूही लागले. मी त्यांचा हात धरून नाडी मोजली. मिनिटाला चौतीस! आपलेच मोजणे चुकले असे वाटून पुन्हा मोजली, पुन्हा चौतीसच. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, कागदाच्या पट्टीवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि मला म्हणाले, "हे बघ, नानांचं हृदय वर मिनिटाला पंचाहत्तर ठोके देतंय आणि खाली चौतीस."

एकाच हृदयाचे दोन हिशेब कसे? मी कला शाखेचा विद्यार्थी. हृदय म्हटले की आम्हाला कविता आठवायची! परंतु हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. डॉक्टरांना विचारून आणि पुस्तके चाळून मला जे उमगले ते येथे मांडतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ठोक्याचा हुकूम मेंदूकडून येतो असे मला वाटत असे. तसे नाही. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून योग्य क्षारद्रवात ठेवले तरी ते काही काळ धडधडत राहते. स्टॅनियस या जर्मन शास्त्रज्ञाने 1852 साली बेडकाच्या हृदयावर, शिरांचे रक्त जेथे आत येते त्या भागाच्या सीमेवर, दोरा आवळून बांधला. दोऱ्याच्या पलीकडला भाग उडतच राहिला, अलीकडचे हृदय मात्र थांबले. म्हणजे ठोक्याचा उगम त्या प्रवेशद्वारापाशी होता. माणसासह सस्तन प्राण्यांच्या हृदयातील ही जागा आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी 1907 साली प्रसिद्ध केली. फ्लॅक त्या शोधाच्या वेळी वैद्यकाचा विद्यार्थी होता, हे आपण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वरची महाशीर उजव्या कर्णिकेला मिळते तेथे, सुमारे दीड सेंटिमीटर लांबीची ही पेशींची गाठ असते. तिला एस. ए. नोड म्हणतात. आपण तिला 'वरची गाठ' म्हणू.

या गाठीतल्या पेशींचे वैशिष्ट्य एकच : त्यांना स्वस्थ बसता येत नाही. प्रत्येक पेशीच्या आतल्या व बाहेरच्या बाजूंत विजेच्या दाबाचा थोडा फरक असतो. हृदयाच्या साध्या स्नायुपेशीत तो उणे 90 मिलिव्होल्टच्या आसपास स्थिर राहतो आणि शेजारणीने धक्का दिल्याशिवाय ती पेशी हलत नाही. वरच्या गाठीतल्या पेशीचा दाब मात्र उणे 60 पर्यंत उतरला, की तेथे ठरत नाही. तिच्या आवरणातून सोडियमचे धनभारित कण हळूहळू आत झिरपू लागतात. पुढे कॅल्शियमचीही त्यात भर पडते. गळक्या नळाखाली ठेवलेली बादली भरावी तसा दाब चढत जातो. तो उणे 40 च्या सुमारास पोहोचला की कॅल्शियमची मुख्य दारे उघडतात आणि पेशी एकदम 'उडते'. हाच ठोक्याचा आरंभ. मग पोटॅशियम बाहेर पडून दाब पुन्हा खाली येतो आणि झिरपणे नव्याने सुरू होते.

मग मेंदूचे काम काय? फक्त वेग कमी-जास्त करण्याचे. गाठीला तिच्या मनाप्रमाणे चालू दिले तर ती मिनिटाला सुमारे शंभर ठोके देते. व्हेगस नावाची मज्जा तिला आवरून सत्तरच्या आसपास ठेवते. हृदयाचे रोपण करताना या मज्जा तुटतात, म्हणून रोपण केलेले हृदय विश्रांतीतही जलद चालते.

वरच्या गाठीतून निघालेली लहर पेशीकडून पेशीकडे जात सुमारे एक दशांश सेकंदात दोन्ही कर्णिकांभर पसरते. कर्णिका आकुंचन पावतात. खाली जवनिका असतात (शालेय पुस्तकांत कर्णिका-जवनिकांना अलिंद-निलयही म्हटलेले आढळेल). पण दोहोंमध्ये तंतूंचा एक पडदा आहे आणि त्यातून वीज जात नाही. त्यात वाट एकच. त्या वाटेच्या तोंडाशी दुसरी गाठ आहे. तिचा मार्ग सुनाओ तावारा या जपानी शास्त्रज्ञाने 1906 साली जर्मनीत उकलून दाखवला. या गाठीत लहर मुद्दाम अडवावी तशी रेंगाळते, सुमारे एक दशांश सेकंद. हा उशीर म्हणजे दोष नव्हे. कर्णिकांनी आपले रक्त जवनिकांत रिकामे करायला तेवढा अवधी हवा असतो. दोघी एकदमच आवळल्या तर झडपा बंद होऊन रक्त वरच अडकेल.

गाठ ओलांडताच मात्र लहर धावत सुटते. एका जुडग्यातून आणि त्याच्या उजव्या-डाव्या फांद्यांतून ती मधल्या भिंतीने हृदयाच्या टोकाकडे जाते आणि तेथून वर परतते. रक्त बाहेर नेणाऱ्या नळ्या वरच्या अंगाला असल्यामुळे दाबही खालून वर यावा लागतो. हा सारा पसारा निरोगी माणसात एक दशांश सेकंदाच्या आत आटोपतो.

आता नानांची पट्टी पाहू. कार्डिओग्रामच्या कागदावरचा एक बारीक चौकोन म्हणजे 0.04 सेकंद. कर्णिकांच्या लहरीची लहान टेकडी दर 20 चौकोनांनी येत होती : 0.8 सेकंद, म्हणजे मिनिटाला 75. जवनिकांचा उंच सुळका दर 44 चौकोनांनी येत होता : 1.76 सेकंद, म्हणजे मिनिटाला 34. दोन्ही आपापल्या जागी नियमित. निरोगी माणसात टेकडीपासून तीन ते पाच चौकोनांत सुळका येतो आणि हे अंतर दर ठोक्याला सारखेच राहते. नानांच्या पट्टीत ते पहिल्या सुळक्याला 5, दुसऱ्याला 9, तिसऱ्याला 13 आणि चौथ्याला 17 होते. खरी मेख येथेच होती. सुळका टेकडीच्या मागून येतच नव्हता. दोघांचा एकमेकांशी संबंधच तुटला होता. वरची गाठ इमानाने निरोप धाडत होती, परंतु मधली एकमेव वाट बंद पडली होती. याला 'पूर्ण हार्ट ब्लॉक' म्हणतात.

मग चौतीस ठोके कोठून आले? वरून निरोप आला नाही तर खालच्या तंतूंतील पेशीही स्वतःहून उडू शकतात. पण त्यांचे झिरपणे फार मंद असते. नानांचे सुळके रुंदही होते, साडेतीन चौकोनांचे. लहर राजमार्गाने न धावता खालच्याच एका जागेवरून स्नायूतून वाट काढत होती, याची ती खूण. हा खालचा आधार भरवशाचा नसतो. मध्येच तो काही सेकंद थांबला की मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस कोसळतो. ओसरीवर हेच घडले होते. अशी वाट काही औषधांनी किंवा हृदयविकाराच्या झटक्यानेही अडते. नानांच्या बाबतीत ती वयोमानाने, तंतू कठीण होत जाऊन बंद पडली होती.

नानांना यंत्र बसवले. गळ्याच्या हाडाखाली एक डबी, तिच्यातून शिरेवाटे एक तार उजव्या कर्णिकेत आणि दुसरी उजव्या जवनिकेत. पहिली तार वरचा ठोका टिपते, यंत्र सेकंदाचा लहानसा अंश थांबते आणि मग दुसरी तार जवनिकेला धक्का देते. तो निसर्गाचा उशीर यंत्रालाही पाळावा लागतो, याचे मला फार नवल वाटले.

आता नानांची नाडी बसल्या जागी बहात्तर लागते आणि जिना चढून आल्यावर पंचाण्णव. "यंत्राला कसं रे कळतं मी जिना चढलो ते?" त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, "नाना, यंत्राला नाही कळत. तुमच्या वरच्या गाठीला कळतं. ती अजून तुमचीच आहे. यंत्र नुसतं तिचा निरोप खाली पोहोचवतं."